दोन हजार डॉलर निघाले, १,६६,३६८ रुपये पोचले: न्यू जर्सी ते सांगली, एका रकमेचा हिशेब

न्यू जर्सीत नोकरी करणारा मुलगा सांगली जिल्ह्यातल्या आईच्या बचत खात्यावर २,००० डॉलर पाठवतो. मोबाइलवर त्याला दर ८५ रुपये दिसतो, म्हणून तो आईला सांगतो की एक लाख सत्तर हजार येतील. चौथ्या दिवशी पासबुकात १,६६,३६८ रुपये १९ पैसे जमा दिसतात. साडेतीन हजारांहून जास्त रक्कम कुठे गेली, याचे शाखेतले उत्तर "वरूनच कमी आलेत" आणि अमेरिकेतल्या बँकेचे उत्तर "आम्ही पूर्ण पाठवलेत". दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत, म्हणूनच कुटुंबाच्या हाती काही लागत नाही.

खालच्या हिशेबातले दर आणि शुल्क नमुन्याचे आहेत. बँकेगणिक ते कमीजास्त होतात, पण प्रमाण साधारण असेच असते. जीएसटीची आकारणी मात्र नियमात ठरलेली आहे आणि ती तशीच दिली आहे.

अशी तूट शोधताना सुरुवातीलाच एक प्रश्न विचारावा: कमी झाले ते डॉलर की रुपये? भारतातल्या बँकेच्या हाती पडण्याआधीच डॉलर घटले असतील, तर दाद अमेरिकेत मागायची. डॉलर पूर्ण आले आणि इथे रुपये कमी झाले असतील, तर दर आणि इथली शुल्के तपासायची. या प्रकरणात दोन्ही घडले होते. ते सुटे केल्यावरच कशावर भांडता येते आणि कशावर नाही, हे कळले.

डॉलर कुठे घटले

मुलाची बँक मध्यम आकाराची. परदेशी व्यवहारांसाठी ती स्वतःचे जाळे ठेवत नाही, न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या बँकेमार्फत पैसे पाठवते. आईची बँक राष्ट्रीयीकृत. तिचे डॉलरचे खाते न्यूयॉर्कमध्येच, पण दुसऱ्या एका बँकेत आहे. या खात्याला नॉस्ट्रो म्हणतात. लोकांच्या मनात डॉलर समुद्र ओलांडून सांगलीला येतात असे चित्र असते. प्रत्यक्षात डॉलर न्यूयॉर्कमध्येच राहतात. ते एका बँकेच्या खात्यातून निघून भारतीय बँकेच्या नॉस्ट्रो खात्यात पडतात. भारतात येतो तो फक्त संदेश, आणि त्याच्या आधारावर इथली बँक आपल्याकडचे रुपये आईच्या खात्यात टाकते.

म्हणजे या रकमेच्या वाटेवर चार बँका होत्या: मुलाची बँक, तिची मोठी मध्यस्थ बँक, नॉस्ट्रो खाते सांभाळणारी बँक आणि आईची बँक. मुलाच्या बँकेने ४५ डॉलर शुल्क वेगळे घेतले, त्यामुळे त्याच्या खात्यातून २,०४५ डॉलर गेले. हे शुल्क पावतीवर स्पष्ट लिहिलेले होते. पुढे मोठ्या मध्यस्थ बँकेने रकमेतूनच १८ डॉलर कापले आणि १,९८२ डॉलर पुढे सरकवले. नॉस्ट्रो बँकेने काही कापले नाही.

मध्यस्थाला कापण्याची मुभा मिळते ती फॉर्ममधल्या एका खुणेमुळे. शुल्क कोण भरणार यासाठी तीन पर्याय असतात. `OUR` म्हणजे सगळे पाठवणाऱ्याकडे, `BEN` म्हणजे सगळे घेणाऱ्याकडे आणि `SHA` म्हणजे आपापल्या बाजूचे ज्याने त्याने भरायचे. काही निवडले नाही तर बहुतेक बँका `SHA` धरतात, आणि `SHA` मध्ये वाटेतली कपात घेणाऱ्याच्या वाट्याला जाते. मुलाने हा रकाना पाहिलाच नव्हता, कारण त्याच्या बँकेच्या ॲपमध्ये तो पुढच्या पानावर, आधीच भरलेला होता.

`OUR` निवडले असते तर? मुलाच्या बँकेने थोडे जास्त शुल्क घेतले असते आणि मध्यस्थाचे पैसे तिने स्वतः चुकते केले असते. बहुतेक वेळा रक्कम मग पूर्ण पोचते. तरी ही पक्की हमी नाही. वाटेतली एखादी बँक सवयीने कापतेच, आणि मग पाठवणाऱ्या बँकेला तिच्याकडे मागणी करावी लागते. शिवाय `OUR` चा संबंध फक्त वाटेतल्या शुल्काशी आहे. आईच्या बँकेचा दर आणि इथला जीएसटी त्याने कमी होत नाही. "सगळा खर्च मीच भरलाय, मग कमी का आले" हा वाद पुष्कळदा इथून सुरू होतो.

कापणारी बँक कोणती, हे तर्काने शोधावे लागत नाही. बँकांचे हे संदेश स्विफ्ट नावाच्या जाळ्यावरून जातात आणि प्रत्येक स्विफ्ट व्यवहाराला ३६ अक्षरांचा एक क्रमांक असतो, `UETR`. आकडे, अक्षरे आणि मध्ये आडव्या रेघा असा तो दिसतो. पाठवणाऱ्याने हा क्रमांक आपल्या बँकेकडून मागून घ्यावा. त्यावरून बँकेला रक्कम कोणत्या वेळी कोणाकडे होती आणि कोणी किती कापले, ते पाहता येते. त्याबरोबर संदेशाची प्रतही मागावी. जुन्या पद्धतीच्या प्रतीत `33B` समोर मूळ रक्कम, `32A` समोर प्रत्यक्ष पोचवलेली रक्कम आणि `71F` समोर कपात असते. नव्या पद्धतीत हेच `InstdAmt`, `IntrBkSttlmAmt` आणि `ChrgsInf` या नावांखाली येते, आणि कपातीशेजारी कापणाऱ्या बँकेचा कोडही असतो. या प्रकरणात तिथे २,०००, १,९८२ आणि १८ असे तीन आकडे होते. डॉलरचा प्रश्न तिथेच सुटला.

ते १८ डॉलर परत मिळाले

अमेरिकेतून व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या पैशांवर तिथला रेमिटन्स नियम लागू होतो. बँकेने पैसे पाठवण्याआधी आणि नंतर लेखी सांगावे लागते की शुल्क किती, घेणाऱ्याला एकूण किती मिळणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. वाटेतल्या मध्यस्थाचे शुल्कही त्यात धरावे लागते. घेणाऱ्याची स्वतःची बँक जे शुल्क लावते ते आणि तिथले कर मात्र यातून वगळलेले असतात. त्याबद्दल पावतीवर एक सूचना असते, इतकेच.

मुलाच्या पावतीवर घेणाऱ्याला मिळणारी रक्कम २,००० डॉलर अशी छापलेली होती आणि मध्यस्थाच्या शुल्काचा उल्लेख नव्हता. शेजारी `Estimated` हा शब्दही नव्हता. हा शब्द फार महत्त्वाचा आहे. नियमात ज्या बँकांना अंदाज देण्याची सवलत आहे, त्यांना आकड्याशेजारी तो छापावा लागतो, आणि मग थोडा फरक पडला तर ती चूक धरली जात नाही. शब्द नसेल तर छापलेला आकडा बँकेवर बंधनकारक. मुलाने संदेशाची प्रत जोडून लेखी तक्रार केली. पैसे मिळण्याची जी तारीख पावतीवर असते, तिच्यापासून १८० दिवसांत ही तक्रार करता येते आणि बँकेला ९० दिवसांत तपास पूर्ण करावा लागतो. १८ डॉलर त्याच्या खात्यात परत आले.

आईने सांगलीच्या शाखेत कितीही फेऱ्या मारल्या असत्या तरी हे पैसे मिळाले नसते. शाखेच्या हाती १,९८२ डॉलरच आले होते.

रुपये कुठे कमी झाले

आता भारतातली बाजू. मोबाइलवर दिसणारा ८५ रुपयांचा दर हा बँका आपापसांत ज्या भावाने डॉलर घेतात-देतात त्याचा मध्य आहे. त्या भावाने खातेदाराला कोणीही रुपये देत नाही. बँक दररोज सकाळी आपला दरफलक जाहीर करते, त्याला कार्ड रेट म्हणतात. त्यात एकाच चलनासमोर बरेच दर असतात आणि नेमका कोणता पाहायचा यात लोक चुकतात. बाहेरून खात्यावर आलेल्या पैशांना टीटी बायिंग रेट लागतो, म्हणजे तारेने आलेले डॉलर बँक ज्या भावाने विकत घेते तो. टीटी सेलिंग हा उलट्या दिशेचा, इथून परदेशी पाठवणाऱ्यांसाठी. नोटांचा दर आणखी वेगळा आणि ग्राहकाला कमी फायद्याचा असतो.

त्या दिवशी बँकेचा टीटी बायिंग रेट ८४.१५ होता, मध्यापेक्षा ८५ पैशांनी कमी. १,९८२ डॉलरचे त्या दराने १,६६,७८५ रुपये ३० पैसे झाले. दरातल्या या ८५ पैशांनी १,६८४ रुपये ७० पैसे गेले, म्हणजे मध्यस्थाच्या कपातीपेक्षाही जास्त. ते कुठल्याच कागदावर शुल्क म्हणून लिहिलेले नसतात. त्यामुळे कुटुंब इथल्या बँकेच्या १७७ रुपयांच्या आवक शुल्कावर वाद घालते आणि खरी मोठी रक्कम नजरेतून सुटते.

यानंतर चलनबदलावरचा जीएसटी. हा आलेल्या पैशांवरचा कर नव्हे. चलन बदलून देण्याच्या सेवेचे एक मानीव मूल्य नियमाने ठरवून दिले आहे आणि त्या मूल्यावर १८ टक्के घेतात. एक लाख रुपयांपर्यंत मूल्य रकमेच्या १ टक्का, पण किमान २५० रुपये. एक लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक लाखावरच्या रकमेच्या अर्धा टक्का. आपल्या रकमेत लाखावर ६६,७८५ रुपये ३० पैसे आहेत. त्याचा अर्धा टक्का ३३३.९३, म्हणून मूल्य १,३३३.९३ आणि त्यावर जीएसटी २४० रुपये ११ पैसे. पासबुकात ही नोंद कधी स्वतंत्र दिसते, कधी जमा रकमेतूनच वजा झालेली असते. कोणी सांगितले की "आलेल्या पैशांवर अठरा टक्के कापतात", तर हे आकडे समोर ठेवावेत: १ लाख ६६ हजारांवर २४० रुपये.

राहिले बँकेचे स्वतःचे आवक शुल्क. इथे १५० रुपये आणि त्यावर २७ रुपये जीएसटी, मिळून १७७. सगळे वजा जाता १,६६,३६८ रुपये १९ पैसे. पासबुकातला आकडा जुळला.

आता तुटीची वाटणी पाहा. मुलाने सांगितलेल्या १,७०,००० मधून ३,६३१ रुपये ८१ पैसे कमी आले. त्यात मध्यस्थाचे १,५३०, दरातले १,६८४.७०, जीएसटी २४०.११ आणि आवक शुल्क १७७. मुलाने वरून भरलेले ४५ डॉलर, म्हणजे ३,८२५ रुपये, यात धरलेले नाहीत. ते मिळवले तर एकूण खर्च ७,४५६ रुपये ८१ पैसे, म्हणजे २,०४५ डॉलरच्या साधारण ४.३ टक्के. यातला सर्वांत मोठा वाटा मुलाच्या हातात होता आणि त्याला तो आधीपासून माहीतही होता. पण "खर्च" म्हटल्यावर दोघांच्याही मनात फक्त भारतातली कपात होती.

४५ आणि १८ हे डॉलर रक्कम लहान असली तरी जवळपास तेवढेच राहतात. हीच वाट ५०० डॉलरसाठी वापरली असती, तर नुसते हे दोन आकडे मिळून साडेबारा टक्क्यांच्या वर गेले असते. दरातला फरक मात्र रकमेबरोबर वाढतो. म्हणून रक्कम लहान असेल तर आधी शुल्क पाहावे, मोठी असेल तर आधी दर. मोठ्या रकमेसाठी शाखेतून ट्रेझरीकडे, म्हणजे बँकेच्या चलनव्यवहार पाहणाऱ्या विभागाकडे, चांगला दर मागता येतो. कार्ड रेट मुख्यतः किरकोळ रकमांसाठी असतो आणि मोठी रक्कम आल्यावर बँका चालू बाजारभावाच्या जवळचा दर देतात. तो रुपांतर होण्याआधी मागावा लागतो. जमा झाल्यावर काही करता येत नाही.

चार दिवस का लागले

मुलाने जुलैतल्या शुक्रवारी दुपारी साडेतीनला पैसे पाठवले. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते, म्हणजे सांगलीत तेव्हा शनिवारची पहाट, एक वाजलेला. डॉलर त्याच दिवशी नॉस्ट्रो खात्यात पडले. संदेशही आला. पण शनिवारी आणि रविवारी भारतात परकीय चलनाचा बाजार बंद असतो. एनईएफटी आणि आरटीजीएस चोवीस तास चालतात म्हणून लोकांना वाटते की आता सुट्टीचा प्रश्न उरला नाही. त्या दोन्ही रुपयांच्या सोयी आहेत. इथे अजून डॉलरचे रुपयेच झाले नव्हते.

सोमवारी बँकेच्या केंद्रीय विभागाने नॉस्ट्रोमधली जमा आणि आलेला संदेश जुळवला आणि रक्कम अडली. कारणे दोन. मुलाच्या फॉर्ममध्ये नाव आणि आडनाव एवढेच रकाने होते, त्यामुळे आईचे नाव दोनच शब्दांत गेले. पासबुकावर मात्र मध्ये वडिलांचे, म्हणजे आईच्या पतीचे नाव आहे. यंत्राला ही दोन माणसे वाटली. दुसरे, पैसे कशासाठी आहेत याचा रकाना रिकामा होता. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेला बँकेला हेतूचा कोड लावावा लागतो. अनिवासी भारतीयाने घरखर्चासाठी आणि बचतीसाठी पाठवलेल्या पैशांचा कोड `P1301`, वैयक्तिक भेटीचा `P1302`. हेतूच माहीत नसेल तर बँक खातेदाराकडून लेखी घेते.

शाखेने सोमवारी दुपारी फोन केला. आई मंगळवारी पासबुक घेऊन गेल्या, अर्जावर सही केली आणि संध्याकाळी पैसे जमा झाले. दर लागला तो मंगळवारचा. पाठवलेल्या दिवसाचा दर डॉलरमध्ये पाठवलेल्या पैशांना लागत नाही, रुपांतराच्या वेळचा लागतो. या वेळी बाजार जागच्या जागी होता म्हणून नुकसान झाले नाही. पण या काळात रुपया तीस पैशांनी वधारला असता, तर ५९४ रुपये ६० पैसे कमी आले असते, आणि तेही नाव अपुरे लिहिल्यामुळे लांबलेल्या दिवसामुळे.

पुढच्या वेळी करायचे ते थोडेच आहे. नाव पासबुकावर आहे त्याच क्रमाने आणि पूर्ण लिहायचे, मधले नाव पहिल्या नावाच्या रकान्यातच जोडायचे. खाते क्रमांक सुरुवातीच्या शून्यांसकट द्यायचा. संदेशाच्या रकान्यात `FAMILY MAINTENANCE` एवढेच लिहायचे. `PAYMENT` किंवा `INVOICE` लिहिले तर बँकेला तो व्यापार वाटतो आणि ती कागद मागते. स्विफ्ट कोड शाखेला विचारूनच घ्यावा, कारण पुष्कळ शाखांना स्वतःचा कोड नसतो आणि रक्कम मुख्य कार्यालयाच्या किंवा परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेच्या कोडवर येते. पाठवायचा वार सोमवार ते बुधवार ठेवावा आणि अमेरिकेतल्या बँकेची त्या दिवसाची मुदत संपायच्या आत पाठवावे.

खाते नागरी सहकारी बँकेत असते तर आणखी एक टप्पा वाढला असता. अशा बहुतेक बँकांचे स्वतःचे नॉस्ट्रो खाते नसते. डॉलर दुसऱ्या मोठ्या बँकेत उतरतात, तिथेच तिच्या दराने रुपये होतात आणि मग रुपये पुढे जातात. अशा वेळी अंतिम खात्याचा तपशील संदेशात नीट नसला तर रक्कम मोठ्या बँकेत पडून राहते आणि सहकारी बँकेच्या शाखेला तिचा पत्ताही नसतो. तिथे "पैसे आले का" असे विचारून उपयोग नाही, `UETR` घेऊन मोठ्या बँकेकडेच विचारावे लागते.

दुसरी वाट

हेच २,०४५ डॉलर रुपयांत पोचवणाऱ्या रेमिटन्स सेवेने पाठवले असते तर? नमुन्याला १० डॉलर शुल्क आणि ८४.६० दर धरू. उरलेल्या २,०३५ डॉलरचे १,७२,१६१ रुपये होतात, म्हणजे पासबुकातल्या आकड्यापेक्षा ५,७९२ रुपये ८१ पैसे जास्त. इथे रुपये भारतातल्या भागीदार बँकेत सेवेच्या रुपया खात्यातून निघतात आणि एनईएफटी किंवा आयएमपीएसने आईकडे जातात. वाटेत मध्यस्थ नाही. दर पाठवतानाच ठरतो. आईच्या खात्यातून सहसा वेगळी कपात होत नाही, कारण रकमेचे रुपये आधीच झालेले असतात.

या वाटेचा उशीर मात्र अमेरिकेच्या बाजूला असतो. मुलाच्या खात्यातून सेवेकडे पैसे ओढून घ्यायला काही दिवस लागू शकतात आणि तेवढ्यात ठरलेल्या दराची मुदत संपली, तर नवा दर लागतो. डेबिट कार्डाने ते लगेच होते, पण शुल्क वाढते. रोख भरून पाठवल्यास १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत १ टक्का करही आहे. बँक खात्यातून किंवा तिथल्या कार्डाने पाठवलेल्या पैशांना तो नाही.

एक गोष्ट आधी ठरवावी लागते. या वाटेने आलेली रक्कम आईच्या बँकेला साधी देशांतर्गत जमा दिसते, त्यामुळे परदेशातून पैसे आल्याची सूचना, म्हणजे एफआयआरए, ती देऊ शकत नाही. ती सेवेमार्फत भागीदार बँकेकडून मागावी लागते. घरखर्चाला हा कागद क्वचितच लागतो. घर किंवा जमीन घ्यायला पैसे येत असतील तर लागू शकतो, आणि मग पाठवण्याआधीच सेवेला विचारून ठेवावे. स्विफ्टने आलेल्या रकमेची एफआयआरए आईच्या बँकेकडूनच मिळते. तिच्यावर आलेले डॉलर, लावलेला दर, झालेले रुपये आणि हेतूचा कोड एकत्र असतात, म्हणून तूट तपासताना पासबुकाआधी तीच मागावी. तिथे २,००० च्या जागी १,९८२ दिसले, की पहिले पत्र अमेरिकेतल्या बँकेला.